एकाच बॅचची मेमरी कार्डे स्टुडिओत बंद पडली : कंपनीकडे तक्रार कशी मांडावी? (सांगली)

विश्रामबाग_स्टुडिओ

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबाग भागात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, साखरपुडा, बारसे ही मुख्य कामे असून मी आणि एक मदतनीस मिळून ती सांभाळतो. यंदाच्या लगीनसराईसाठी १२ मार्च २०२५ रोजी गणपती पेठेतील एका डीलरकडून एका नामांकित कंपनीची ६४ जीबीची दहा एसडी कार्डे घेतली. पाकिटे सीलबंद होती. दर प्रत्येकी ९०० रुपये, त्यावर ९ टक्के केंद्रीय आणि ९ टक्के राज्य जीएसटी, असे एकूण १०,६२० रुपयांचे पक्के बिल माझ्याकडे आहे. बिल क्रमांक, डीलरचे आणि कंपनीचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही.

मे महिन्याच्या मध्यापर्यंत या दहांपैकी चार कार्डे निकामी झाली. प्रत्येक कार्डावर मी मार्करने क्रमांक लिहितो, त्यामुळे कोणते कार्ड कधी कुठे होते याची नोंद आहे. कार्ड ३ मिरजेच्या एका कार्यालयात अक्षतांच्या वेळी बंद पडले. कॅमेऱ्यावर Err 02 आले आणि त्यानंतर ते कोणत्याही यंत्रात दिसलेच नाही. कार्ड ७ संगणकात घातले की "You need to format the disk" असा संदेश येतो. कार्ड २ आणि कार्ड ५ यांचे वागणे सर्वांत विचित्र आहे. कार्ड ५ वरचे हळदीचे फोटो संगणकात घेऊन मी ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट केले. कॅमेऱ्याने शून्य फोटो दाखवले. दुसऱ्या दिवशी त्यावर एका बारशाचे फोटो काढले, कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते पाहिलेही, आणि घरी येऊन कार्ड संगणकात लावले तर बारशाचा एकही फोटो नाही, उलट जुने हळदीचे सगळे फोटो जसेच्या तसे परत हजर. ज्यांच्या घरचे बारसे होते त्यांना घेतलेले ८,००० रुपये परत करावे लागले आणि शब्दही ऐकावे लागले.

डीलर म्हणतात, "चारही कार्डे द्या, कंपनीकडून महिनाभरात बदलून येतील." माझे म्हणणे असे आहे की दोष बॅचमध्ये असेल तर उरलेल्या सहा कार्डांवर भरवसा ठेवून मी पुढची लग्ने कशी घ्यावीत? म्हणून कंपनीला थेट लेखी तक्रार करायची आहे. पत्राचा कच्चा मसुदा असा केला आहे :

"आपल्या कंपनीची दहा कार्डे आम्ही खरेदी केली असून त्यांपैकी चार दोन महिन्यांत निकामी झाली आहेत. आपला माल निकृष्ट दर्जाचा असून आमचे मोठे नुकसान झाले आहे. तरी सर्व कार्डे त्वरित बदलून द्यावीत व नुकसानभरपाई द्यावी."

हे पत्र पुरेसे आहे का, आणि "बॅच सदोष आहे" हे सिद्ध करण्यासाठी आणखी काय जोडावे, एवढेच विचारायचे आहे.

मिरज_कॅमेरा

तुमच्या पत्राआधी एक गोष्ट पाहा. मी वीस वर्षे या धंद्यात आहे आणि माझ्या अनुभवाप्रमाणे कार्डे खराब होण्याचे मुख्य कारण म्हणजे एकच कार्ड दोन वेगवेगळ्या बॉडींमध्ये फिरवणे आणि संगणकात फॉरमॅट करणे. कार्ड ज्या कॅमेऱ्यात वापरायचे त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करावे. कार्डाच्या कडेची लॉकची पट्टी सैल होऊन खाली सरकली असेल तरी कार्ड लिहून घेत नाही, तेही बघा. आणि गणपती पेठेत घेतलेला माल अस्सल आहे याची खात्री काय? बाजारात नकली कार्डे भरपूर आहेत. कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार.

विश्रामबाग_स्टुडिओ

दादा, फॉरमॅट नेहमी कॅमेऱ्यातच करतो. लॉकची पट्टी तपासली, ती वरच आहे, आणि ती खाली असती तर कॅमेऱ्याने फोटो काढूच दिला नसता. बॉडी दोन आहेत. कार्ड २ आणि ५ पहिल्या बॉडीत, तर ३ आणि ७ दुसऱ्या बॉडीत बंद पडले. त्याच दोन्ही बॉडींमध्ये मागच्या वर्षी दुसऱ्या दुकानातून घेतलेली ३२ जीबीची कार्डे आजही विनातक्रार चालू आहेत.

डेटा_कोल्हापूर

मी कोल्हापुरात डेटा परत मिळवण्याचे काम करतो, त्यामुळे अशी कार्डे रोज हातात येतात. विश्रामबाग साहेब, तुम्ही शेवटी लिहिलेली दोन वाक्ये तुमच्या मसुद्यातील सर्व वाक्यांपेक्षा अधिक मोलाची आहेत. दोन बॉडी, दोन्हींत बिघाड, आणि त्याच बॉडींमध्ये दुसऱ्या खरेदीची कार्डे ठीक, ही तुलना पत्रात नसेल तर कंपनी दोष कॅमेऱ्यावर किंवा कार्ड रीडरवर ढकलून मोकळी होते.

मिरज साहेबांचे अर्धे बरोबर आहे. कॅमेऱ्यात फॉरमॅट करणे ही चांगलीच सवय आहे, पण चुकीच्या फॉरमॅटने बिघडते ती फायलींची मांडणी, आणि ती पुन्हा फॉरमॅट केल्याने सुधारते. पुसलेले फोटो परत येणे हा वेगळा प्रकार आहे. आतल्या फ्लॅश चिपमध्ये लिहिणे सुरक्षित राहिले नाही असे कार्डाच्या कंट्रोलरला वाटले, की काही कार्डे स्वतःला फक्त वाचण्यापुरती मर्यादित करतात. वाईट भाग हा की पुष्कळदा ती कॅमेऱ्याला तसे सांगत नाहीत. कॅमेरा लिहितो, कार्ड "मिळाले" म्हणते, थोडा वेळ फोटो दिसतोही, आणि कार्डाला मिळणारी वीज तुटली की सगळे पूर्ववत. तुमच्या कार्ड २ आणि ५ चे हेच झालेले दिसते. एवढ्या कमी वापरानंतर नव्या कार्डाने असे करणे सामान्य झीज नाही.

आता क्रम सांगतो, कारण येथे क्रम चुकला तर पुरावाही जातो आणि फोटोही. ज्या कार्डावर अजून हवे असलेले फोटो आहेत, म्हणजे तुमचे कार्ड ७, त्यावर कोणतीही लेखन चाचणी करू नका आणि "फॉरमॅट करा" या संदेशाला होकार देऊ नका. आधी त्याची संपूर्ण प्रतिमा काढा, म्हणजे कार्डातील सगळ्या माहितीची हुबेहूब प्रत एका फाइलमध्ये उतरवून घ्या. लिनक्स असलेल्या लॅपटॉपवर हे असे होते :

```
sudo ddrescue -d -n /dev/mmcblk0 card7.img card7.map
sudo ddrescue -d -r3 /dev/mmcblk0 card7.img card7.map
```

पहिल्या फेरीत सहज वाचता येणारा भाग आधी घेतला जातो आणि दुसऱ्या फेरीत अडलेल्या जागांवर पुन्हा प्रयत्न होतो. फोटो नंतर या प्रतिमेतून शोधायचे, कार्डातून नव्हे. `card7.map` ही फाइल जपून ठेवा, कारण कार्डाची नेमकी कोणती जागा वाचता आली नाही हे तिच्यात लिहिलेले असते आणि ती पत्राला जोडता येते.

दुसरी गोष्ट बॅचची. प्रत्येक एसडी कार्डात कारखान्यातच भरलेली ओळख असते. तिच्यात निर्मात्याचा संकेतांक, अनुक्रमांक आणि निर्मितीचा महिना व वर्ष असते. यूएसबी रीडरमधून ती दिसत नाही. लॅपटॉपच्या अंगच्या खाचेत कार्ड घातल्यावर ते `mmcblk0` या नावाने दिसले, तरच वाचता येते. काही लॅपटॉपमध्ये आतली खाचही यूएसबीवरच जोडलेली असते, तेथे `sdb` असे नाव येते आणि उपयोग होत नाही.

```
cd /sys/block/mmcblk0/device
cat manfid oemid name serial date
```

दहाही कार्डांची ही माहिती काढा, चांगल्या कार्डांचीही. कार्ड ३ दिसतच नसल्यामुळे त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेला कोड भिंगाखाली पाहून लिहून घ्या. एका डब्यातील दहा पाकिटे म्हणजे एकच बॅच असे गृहीत धरू नका.

तासगाव_मळा

माझाही असाच अनुभव आहे. मळ्यातील सीसीटीव्हीत घातलेले छोटे कार्ड वर्षभरात गेले. कंपनीला मेल केली तर उत्तर आले की सतत चालणाऱ्या चित्रीकरणासाठी हे कार्ड वापरले असल्यामुळे वॉरंटी लागू नाही. तुमच्या तक्रारीत माझेही नाव घाला, दोघांची मिळून तक्रार वजनदार होईल. आणि फोटो परत मिळवायचे असतील तर मोबाइलवर त्यासाठी अ‍ॅप मिळते, मी पाठवू का?

विश्रामबाग_स्टुडिओ

तासगावकर, आपली अडचण समजली, पण आपले कार्ड वेगळ्या प्रकारचे, वेगळ्या खरेदीचे आणि वेगळ्या वापराचे आहे. ते माझ्या तक्रारीत घातले तर "एकाच बॅचमध्ये दोष" हा माझा मुद्दाच पातळ होईल. आपली तक्रार स्वतंत्रच करावी. फोटोंसाठी सध्या कोल्हापूरच्या साहेबांनी सांगितलेल्या मार्गानेच जातो.

विश्रामबाग_स्टुडिओ

पुढची माहिती देतो. भाच्याच्या लॅपटॉपमध्ये कार्डे `mmcblk0` म्हणून दिसली. जे समोर आले ते मला अपेक्षित नव्हते. दहा कार्डे एका बॅचची नाहीतच. कार्ड १, २, ५, ७ आणि ८ यांची निर्मिती ०९/२०२४ ची, आणि ४, ६, ९, १० यांची ११/२०२४ ची आहे. निर्मात्याचा संकेतांक आणि नाव सर्वांचे सारखेच आहे. कार्ड ३ दिसत नाही, पण त्याच्या पाठीवरचा कोड पहिल्या गटातील कार्डांशी जुळतो, दुसऱ्या गटाचा कोड वेगळा आहे. म्हणजे सप्टेंबरची सहा आणि नोव्हेंबरची चार. निकामी झालेली चारही सप्टेंबरच्या गटातील आहेत.

कार्ड ७ ची प्रतिमा निघाली. बहुतेक भाग वाचला गेला, मधले काही तुकडे गेले. सप्तपदीचे फोटो मिळाले, काही फोटो अर्ध्यावर राखाडी पट्ट्यांसह आले. आता तरी बॅचचा दोष सिद्ध झाला असे लिहू का?

डेटा_कोल्हापूर

"सिद्ध झाला" असे अजून लिहू नका. दहा कार्डांतून कोणतीही चार निवडण्याचे २१० प्रकार होतात आणि त्यांपैकी १५ प्रकारांत चारही कार्डे सप्टेंबरच्या सहांतीलच असतात. म्हणजे बिघाड निव्वळ योगायोगाने झाला असता तरी चौदात एकदा असेच चित्र दिसले असते. संशय घेण्यास हे पुरेसे आहे, पण कंपनीचा अभियंता एवढ्यावर मान्य करणार नाही.

म्हणून उरलेल्या सहाही कार्डांची चाचणी घ्या. फक्त सप्टेंबरच्या दोन कार्डांची घेतली तर शोध एकाच बाजूने केला असा आक्षेप येईल. त्यांच्यावरचे फोटो आधी दोन ठिकाणी उतरवून घ्या, कार्डे रिकामी करा आणि मग प्रत्येकावर हे चालवा :

```
f3write /media/card
f3read /media/card
```

पहिली आज्ञा कार्ड काठोकाठ भरते आणि दुसरी ते सर्व परत वाचून ताडून पाहते. दोन्हींच्या मध्ये कार्ड बाहेर काढून पुन्हा घाला, नाहीतर तुमच्या कार्ड ५ सारखा बिघाड लपून राहू शकतो. निकालात `Corrupted` आणि `Overwritten` असे वेगवेगळे आकडे येतात. क्षमता फुगवून विकलेल्या नकली कार्डात नवी माहिती जुन्यावर चढते, तेव्हा `Overwritten` मोठे दिसते. मिरज साहेबांच्या शंकेला त्याने बरेचसे उत्तर मिळेल, मात्र पूर्ण नाही. क्षमता खरी असूनही आत हलक्या प्रतीची चिप बसवलेले नकली कार्ड या चाचणीतून निसटू शकते, आणि आतली ओळखही नकली भरता येते. अस्सल की नक्कल हे शेवटी कंपनीनेच लेखी सांगायला हवे, आणि तशी मागणी पत्रात असावी.

मिरज_कॅमेरा

दोन वेगळ्या महिन्यांचा माल एका डब्यात आला, यावरून तर माझी शंका वाढलीच. डीलरने दुसरीकडून आणून भर घातली नसेल कशावरून?

डेटा_कोल्हापूर

ती शक्यता आहे. वितरकाकडेही दोन बॅचचा माल शेजारी ठेवलेला असतो आणि डबा भरताना तो मिसळतो, हेही तितकेच शक्य आहे. डीलरने हा माल कोणाकडून घेतला त्या खरेदी बिलाची प्रत मागा. ती त्यांनी दिली तर ती तुमच्या बाजूची, आणि नाकारली तर ते नाकारणेही पत्रात नोंदवा.

सातारा_वकील

मी साताऱ्यात वकिली करतो आणि ग्राहक आयोगातील प्रकरणे पाहतो. तांत्रिक बाजूवर बोलणार नाही. पत्राबद्दल सांगतो.

पत्र कंपनी आणि डीलर दोघांना उद्देशून असावे. आपले पैसे डीलरने घेतले आणि बिल त्यांनी दिले, वॉरंटी मात्र कंपनीची. एकालाच लिहिले की दुसऱ्याकडे बोट दाखवले जाते. "निकृष्ट दर्जा" हा शब्द काढून टाका, त्याने आपला राग कळतो, दोष कळत नाही. कोणते कार्ड, कोणत्या तारखेला, कोणत्या बॉडीत, काय झाले, एवढेच लिहा.

चारही निकामी कार्डे हातची देऊन टाकू नका. वस्तूतील दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग नमुना घेऊन, तो सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, अशी तरतूद २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ मध्ये आहे. सगळी कार्डे कंपनीकडे गेली आणि बदल्यात नवी आली की तपासायला काही उरत नाही. दोन पाठवा, दोन ठेवा, आणि पाठवताना कोडसह फोटो काढून पोच घ्या.

मिरज_कॅमेरा

वकीलसाहेब, स्टुडिओ म्हणजे व्यवसाय. व्यावसायिक कामासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागूच होत नाही, असे मला आमच्या सीएंनी सांगितले होते. बिलावर जीएसटी क्रमांक टाकला असेल तर प्रश्नच मिटला.

सातारा_वकील

आपल्या सीएंनी नियम सांगितला, अपवाद राहून गेला. कलम २(७) मध्ये व्यापारी हेतूने घेतलेला माल वगळला आहे हे खरे, पण त्याखालील स्पष्टीकरणात म्हटले आहे की स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जाणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात सांगितले की हा प्रत्येक प्रकरणाच्या वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, आणि एक-दोघांची मदत घेतल्याने स्वयंरोजगार नाहीसा होत नाही. विश्रामबाग साहेब स्वतः कॅमेरा चालवतात आणि एक मदतनीस आहे, त्यामुळे त्यांची बाजू मांडण्यासारखी आहे. जीएसटी क्रमांकाचा मुद्दा समोरचा वकील नक्की काढेल. तेवढ्याने प्रकरण संपत नाही, पण निकाल काय लागेल याची हमी मी देणार नाही.

तक्रार ते जेथे राहतात किंवा काम करतात तेथील, म्हणजे सांगलीच्या जिल्हा आयोगात करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. मात्र बारशाच्या ८,००० रुपयांविषयी अपेक्षा बेताची ठेवा. उत्पादकाच्या दायित्वाचे जे वेगळे प्रकरण कायद्यात आहे, त्यात "हानी"च्या व्याख्येतून आर्थिक नुकसान वगळलेले आहे. ती रक्कम कंपनीचा निष्काळजीपणा दाखवूनच मागावी लागेल, आणि साठवलेल्या माहितीची जबाबदारी वॉरंटीत बहुधा नाकारलेली असते. म्हणून पत्रात कार्डांची मागणी आणि भरपाईची मागणी दोन स्वतंत्र परिच्छेदांत ठेवा, म्हणजे दुसरी नाकारताना पहिली अडणार नाही.

विश्रामबाग_स्टुडिओ

सर्वांचे आभार. सहाही कार्डांची चाचणी झाली. नोव्हेंबरची चारही निर्दोष निघाली, कार्ड १ निर्दोष निघाले, आणि कार्ड ८ मध्ये `Corrupted` जागा सापडल्या. ते कार्ड पुढच्या रविवारी तासगावच्या लग्नात वापरायचे ठरले होते. `Overwritten` सर्व कार्डांत शून्य आहे. डीलरने त्यांच्या खरेदी बिलाची प्रत दिली आणि त्यावर कंपनीच्या अधिकृत वितरकाचेच नाव आहे. पत्राचा मुख्य भाग आता असा केला आहे :

"सोबत जोडलेल्या दि. १२ मार्च २०२५ च्या बिलान्वये आम्ही आपली ६४ जीबीची दहा कार्डे १०,६२० रुपयांस खरेदी केली. कार्डांतील नोंदीनुसार त्यांपैकी पाच सप्टेंबर २०२४ मध्ये व चार नोव्हेंबर २०२४ मध्ये तयार झालेली आहेत. उरलेले कार्ड ३ वाचता येत नाही, परंतु त्याच्या पाठीवरील कोड सप्टेंबरच्या कार्डांशी जुळतो. सप्टेंबर गटातील सहांपैकी पाच कार्डे (क्र. २, ३, ५, ७, ८) सदोष आढळली असून नोव्हेंबर गटातील एकही सदोष नाही. वापरातील बिघाड दोन वेगवेगळ्या कॅमेऱ्यांत झाले व त्याच कॅमेऱ्यांत अन्य खरेदीची कार्डे व्यवस्थित चालत आहेत. प्रत्येक कार्डाचा कोड, अनुक्रमांक, बिघाडाची तारीख, लक्षण व चाचणीचा निकाल सोबतच्या तक्त्यात दिला आहे.

आमची मागणी अशी की, सप्टेंबर गटातील सहाही कार्डे अन्य बॅचच्या कार्डांनी बदलून द्यावीत. ही कार्डे आपल्याच कारखान्यातील आहेत किंवा कसे, तसेच या बॅचबाबत अन्य तक्रारी आल्या आहेत काय, हे लेखी कळवावे. आणि परत पाठवलेल्या कार्डांच्या तपासणीचा अहवाल द्यावा.

कार्ड ५ मधील बिघाडामुळे ग्राहकास परत कराव्या लागलेल्या ८,००० रुपयांची मागणी आम्ही स्वतंत्रपणे करीत असून तिचा वरील मागणीवर परिणाम होऊ नये."

डेटा_कोल्हापूर

आता पत्र उभे राहिले. दहांतील पाच बिघडली आणि पाचही त्याच सहांतील, हा योगायोग बेचाळिसात एकदा घडेल. कार्ड १ चालू असले तरी त्यावर लग्न घेऊ नका. f3 ची एक फेरी आजची स्थिती सांगते, उद्याची नाही.

विश्रामबाग_स्टुडिओ

कार्ड १ बाजूला काढले आहे. एक प्रश्न मात्र राहिला. कार्ड २ आणि ५ पुसलीच जात नाहीत, आणि कार्ड ५ वर एका कुटुंबाच्या हळदीचे सगळे फोटो आहेत. ते कंपनीकडे पाठवले तर लोकांच्या घरच्या बायकामुलांचे फोटो अनोळखी हातात जातील. कंपनी तपासणीनंतर कार्ड नष्ट करते की नाही हे कोणी लेखी मिळवले आहे का?

सातारा_वकील

लेखी हमी मिळाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे ठेवायची दोन कार्डे म्हणून हीच निवडा, आणि कंपनीकडे कार्ड ३ व ८ पाठवा. ८ पुसले जाते, आणि ३ कोणालाच वाचता येत नाही.

डेटा_कोल्हापूर

वकीलसाहेबांशी येथे थोडा असहमत आहे. कार्ड ३ कॅमेऱ्याला वाचता येत नाही, पण कंट्रोलर निकामी झाला असला तरी आतली चिप थेट वाचण्याची साधने कंपनीकडे आणि आमच्यासारख्यांकडेही असतात, त्यामुळे मिरजेच्या त्या लग्नाचे फोटो अजून त्यात असू शकतात. शिवाय पुसलेल्या चित्रांची परत येण्याची खोड दाखवणारी २ आणि ५ हीच कार्डे अभियंत्याने पाहणे सर्वांत उपयोगाचे आहे. ती पाठवायची असतील तर आधी त्या कुटुंबाला विचारा आणि त्यांचा होकार लेखी घ्या.

विश्रामबाग_स्टुडिओ

हळदीच्या घरच्यांशी बोललो. त्यांनी कार्ड ५ पाठवण्यास नकार दिला, आणि तो मला मान्य आहे. कार्ड ३ ज्या लग्नाचे होते त्यांच्याकडून अद्याप उत्तर नाही. तूर्त कार्ड ८ एकटेच स्पीड पोस्टाने कंपनीकडे आणि पत्राची प्रत डीलरकडे पाठवली आहे. पत्रात लिहिले आहे की उर्वरित सदोष कार्डे सीलबंद करून स्टुडिओत ठेवली असून कंपनीच्या प्रतिनिधीने सांगलीत येऊन ती माझ्यासमोर तपासावीत. पोच आली की येथे कळवतो.